मामांच्या तिकिटामागची बाकी

खानापूरहून बेळगावला सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीचे आम्ही नेहमीचे प्रवासी. अंतर जेमतेम सव्वीस किलोमीटर. गणेबैल, प्रभूनगर, झाडशहापूर, मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग करीत गाडी नऊच्या सुमारास मध्यवर्ती बसस्थानकात येते आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. आमच्यात बँकेतले कारकून आहेत, शाळेतल्या बाई आहेत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणारी मुले आहेत, भाजीची बुट्टी घेऊन येणाऱ्या आजी आहेत. या गाडीच्या कंडक्टरमामांची शेवटची फेरी ३० मे २०२५ च्या शुक्रवारी झाली. त्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी एक कविता वाचली. ती कशी झाली आणि होता होता काय काय बिघडणार होते, हे सांगण्यासाठीच हा लेख. आपल्या मंडळांतून निरोपाच्या कविता नेहमीच वाचल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक वाया जातात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मामा बैलहोंगलकडच्या खेड्यातले, घरी कन्नड. मराठी ते या रस्त्यावरच शिकले, आणि तीही खानापुरी वळणाची. त्यांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून १९६५. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकली, अशी माणसे आपल्या भागात घरोघर सापडतील. कर्नाटकात परिवहन महामंडळाचा नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे मामांची तारीख ३१ मे. आम्हीही तीच धरून चाललो होतो.

इथेच पहिली चूक होणार होती. निवृत्तीची तारीख आणि रस्त्यावरची शेवटची फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या दिवशी माणसाला आगारात बोलावतात. तिकिटाचे यंत्र, ओळखपत्र, जे जे सरकारी आहे ते परत द्यायचे असते, येणे-देणे नाही असे कागद करायचे असतात, संध्याकाळी सहकारी हार घालतात. त्या दिवशी तो गाडीवर असेलच असे नाही. शाळेतल्या बाईंनी बुधवारी सहज विचारले, "मामा, शनिवारी शेवटचे ना?" तेव्हा ते म्हणाले, "शनिवारी कुठलं बाई, शनिवारी डेपोत. शुक्रवारीच आपलं शेवटचं." हातात दोन दिवस उरले. कोणाला असा निरोप द्यायचा असेल तर त्याची ड्यूटी कधी संपते हे त्यालाच विचारावे, आणि महिनाभर आधी विचारावे. अचानक आनंद देण्याच्या नादात माणूस रिकाम्या सीटकडे पाहत बसतो.

कविता लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, कारण बँकेत बसतो म्हणजे लिहिता येते असा लोकांचा समज आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कविता शाळेत पाठ केल्या तेवढ्याच. पहिल्या रात्री बसून आम्ही बावीस कडवी लिहिली. त्यांत कर्तव्यदक्ष होते, हसतमुख होते, सेवेचा दीप होता, जनतेचा सेवक होता. सकाळी वाचून पाहिली आणि आमचे आम्हालाच हसू आले. त्यात 'कंडक्टर'च्या जागी 'पोस्टमन' घातला असता तरी एक अक्षर बदलावे लागले नसते. आमच्या शाखेतल्या शिपायाला दोन वर्षांमागे दिलेल्या मानपत्रात हेच शब्द होते. ते मानपत्र चौकटीत घालून त्याच्या घरी भिंतीवर आहे, आणि ते त्याच्याविषयी आहे असे त्यालाही वाटत नसावे.

मग आम्ही वही घेऊन गुरुवारी गाडीत बसलो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली: मामांना तुम्ही काय करताना पाहिले आहे? कसे आहेत ते विचारले नाही. कसे आहेत म्हटले की "चांगले आहेत" असेच उत्तर येते. काय करताना पाहिले म्हटल्यावर माणूस थोडा थांबतो, खिडकीबाहेर बघतो आणि खरे काहीतरी सांगतो.

लेथवाल्या मुलाने सांगितले की दोन शिट्ट्या देण्यापूर्वी मामा दारातून मान बाहेर काढून मागे बघतात. आपल्याकडच्या गाड्यांत एक शिट्टी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. हा मुलगा सहा महिने रोज धावत येऊन गाडी पकडत होता, म्हणून त्याला ते ठाऊक. एका बाईंनी सांगितले की थंडीत खानापुरात धुके असते तेव्हा गाडीची पाटी दिसायच्या आधी मामांची शिट्टी ओळखू येते. आणि निम्म्या लोकांनी सांगितली ती सुट्ट्या पैशांची गोष्ट.

बेळगावकडच्या वाचकांना ही माहीत आहे. इंदूर, बडोद्याकडच्या मंडळींसाठी सांगतो. सुट्टे नसले की इकडचा कंडक्टर देणे असलेली रक्कम तिकिटाच्या मागे पेनाने लिहून देतो. उतरण्यापूर्वी ते तिकीट दाखवून पैसे मागून घ्यायचे. आता क्यूआर कोडवर पैसे घेतात, तरी नोटा देणारे अजून पुष्कळ आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा काही दिवस तर सुट्ट्यांची फारच तारांबळ झाली. आता गंमत अशी की प्रवासी ते विसरतो. झोप लागते, मोबाईल वाजतो, उतरण्याची घाई असते, आणि दहा-वीस रुपये तसेच राहतात. मामा विसरत नसत. "ओ ताई, तुमचे बारा रुपये!" ही हाक गोवावेसच्या थांब्यावर आम्ही किती वेळा ऐकली असेल. कोणाचे किती राहिले ते त्यांच्या डोक्यात असे. बँकेत आमच्यासमोर संगणक असतो, तरी दिवसअखेरीस कधी कधी रोकड जुळत नाही. मामा चालत्या गाडीत, साठ-सत्तर माणसांत, हे डोक्यात ठेवत.

तेव्हा माल मिळाला. आता साचा हवा होता. आम्ही अभंगाचा घेतला, त्याचे कारण साधे आहे. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक. जोडाक्षर एकच धरायचे. बोटांवर मोजता येते. भजनाला बसलेल्या कोणाही माणसाच्या कानात हा साचा असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला चाल शिकवावी लागत नाही आणि एखादे अक्षर वाढले तर ऐकणारा आपोआप ठेचकाळतो. मुक्तछंदात लिहिले असते तर चांगले काय आणि वाईट काय हे आमच्यासारख्याला कळलेच नसते. दुसरे असे की चार अक्षरांच्या शेवटच्या तुकड्यात विशेषण कोंबायला जागाच राहत नाही. 'कर्तव्यदक्ष' म्हणजे पाच अक्षरे!

आमचे पहिले कडवे असे झाले होते:

पहाटेची गाडी
धुक्यातून येई
नाही तुम्हां घाई
सोडण्याची

आम्हाला ते फार आवडले होते. खानापूरच्या स्थानकात गाडी उभी असताना ड्रायव्हरसाहेबांना हळूच वाचून दाखवले, तर ते गंभीर झाले. "सर, हे छान हाय. पण ह्येचा अर्थ गाडी लेट सुटती असा होतोय की!" आम्ही म्हटले, तसे नाही, मामा सगळ्यांना सांभाळून घेतात असे म्हणायचे आहे. ते म्हणाले, "तुम्हाला म्हणायचं हाय. ऐकणारा काय म्हणंल?" बरोबर होते त्यांचे. आजकाल कोणीतरी मोबाईलवर काढणार, ते फिरणार, आणि प्रेमाने लिहिलेली ओळ वेळ न पाळल्याचा पुरावा होऊन बसणार. मामा सुटले असते, पण ड्रायव्हरसाहेबांची अजून सहा वर्षे नोकरी आहे. म्हणून शेवटच्या दोन चरणांत धुक्यातली शिट्टी आणली. मागे वळून बघण्याची गोष्ट दुसऱ्या कडव्यात ठेवली. मागे बघणे म्हणजे उशीर करणे नव्हे, असे ड्रायव्हरसाहेबांनीच ठरवून दिले.

दुसरी दुरुस्ती आजींची. सुट्ट्यांवरचे कडवे आधी असे होते:

सुट्टे नसे तेव्हा
लिहिलीत बाकी
खिशामध्ये खाकी
गेली नाही

बाकी आणि खाकी हे यमक जुळल्याच्या आनंदात आम्ही होतो. गणेबैलच्या आजी बुट्टी पायाशी घेऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यो चोर न्हवता म्हणून सांगतासा काय? त्येला सगळ्यांम्होरं?" आम्ही गप्प. प्रामाणिकपणाची स्तुती करताना संशयाचे नाव घ्यावे लागते, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आमच्या निवृत्तीला कोणी "यांनी काउंटरवरचे पैसे कधी नेले नाहीत" असे कवितेत वाचले तर आम्हाला कसे वाटेल? तीस वर्षे रोकड हाताळणाऱ्या माणसाला ते ऐकून बरे वाटत नाही. त्याने काय केले नाही ते सांगण्यापेक्षा काय केले ते सांगावे. मामा हाक मारत. तेवढेच लिहिले आणि यमक आपसूक आले.

तिसऱ्या वेळी मात्र आम्ही ऐकले नाही. भाषेच्या कडव्यावर गाडीतल्या एका तरुणाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे होते की कन्नड आणि मराठी हे दोन शब्दच कवितेत नकोत. त्याचे कारण सर्वांना ठाऊक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यातच भाषेच्या वादातून एका बस कंडक्टरला मारहाण झाल्याची बातमी आली, दोन्ही राज्यांत पडसाद उमटले आणि राज्यांमधली बससेवा काही दिवस विस्कळीत झाली. त्या दिवसांत आमच्या गाडीतही लोक खाली मान घालून बसत. मामा तिकीट मागताना नेहमीसारखे "कुठं?" न म्हणता नुसते यंत्र पुढे करीत. ते चार-पाच दिवस आम्हाला अजून आठवतात. बोलायचे कोणत्या भाषेत याचा विचार करून बोलावे लागत होते, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीत तो विचार पूर्वी कधी आलाच नव्हता.

तरुणाचे म्हणणे असे की जखम ताजी आहे, हात लावू नका. आमचे म्हणणे वेगळे होते आणि आजही आहे. या अंकातून सीमाभागातल्या मराठीच्या हक्काविषयी आम्ही वेळोवेळी लिहिले आहे, पुढेही लिहू. कागदपत्रे मराठीत मिळावीत हे मागणे सरकारकडे आहे. ते तिकीट फाडणाऱ्या माणसाकडे नाही. मामांनी आमच्याशी मराठीत बोलायचे ठरवले ते कोणाच्या आदेशावरून नव्हे. भाजीवाल्या आजींना कन्नड येत नव्हती आणि त्यांना उतरायचे होते, म्हणून. मग निरोपाच्या कवितेत ही गोष्ट वगळली तर त्यांनी आमच्यासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्टच वगळल्यासारखे होते. फक्त तिथे वाद नको, मागणी नको, भाऊभाऊ असल्याचा गजरही नको. रोज भेट होत होती एवढेच सांगायचे. कडवे राहिले. ते वाचायला मात्र आम्ही शाळेतल्या बाईंना सांगितले. त्यांचे माहेर धारवाडचे, घरी कन्नड, आणि गेली अनेक वर्षे त्या खानापुरात राहतात. मराठी माणसाने वाचले असते तर ते निवेदन झाले असते. बाईंनी वाचल्यावर ते साधे वाक्य झाले.

आता पैशांविषयी, कारण इथे मोठी गफलत होणार होती आणि ती आम्ही पाहिली म्हणून टळली. गाडीत चौतीस जणांनी शंभर-शंभर रुपये काढले, तीन हजार चारशे जमले. कल्पना अशी की कविता वाचून झाली की पाकीट हातात द्यायचे. लोकांच्या मनात होते ते चुकीचे नव्हते. परिवहनच्या कामगाराला सरकारी नोकरासारखे निवृत्तिवेतन नसते, भविष्य निधीच्या १९९५ च्या योजनेतले मिळते, आणि ते किती असते हे आम्ही काउंटरच्या या बाजूने दर महिन्याला पाहतो.

पण कंडक्टर ड्यूटीवर निघताना स्वतःजवळचे खासगी पैसे वेबिलावर लिहून देतो. समजा सकाळी मामांनी शंभर रुपये लिहिले. वाटेत तपासणी पथक चढले, तर ते यंत्रातून तिकिटांची बेरीज काढते, त्यात हे शंभर मिळवते आणि पिशवीतली रोकड मोजते. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. तीन हजार चारशे जास्त निघाले तर? "प्रवाशांनी प्रेमाने दिले" हे खरे असले तरी ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. जास्त निघालेली रोकड म्हणजे तिकीट न देता घेतलेले पैसे, असाच पहिला संशय येतो. बँकेतही तसेच आहे. रोकड कमी पडली तर आम्ही खिशातून भरतो आणि सुटतो. जास्त निघाली तर मात्र ती कोणाची आणि का, याचे उत्तर द्यावे लागते. नोकरीच्या शेवटच्या फेरीला असा शेरा बसला आणि चौकशी लागली, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब अडकून पडतो. चौतीस माणसांच्या प्रेमाने माणसाचा पैसा अडकवायचा, याला काय म्हणावे?

म्हणून पाकीट गाडीत द्यायचे नाही असे ठरले. गाडीत द्यायची ती फक्त कविता. तिची नोंद वेबिलावर करावी लागत नाही.

वाचायचे कधी, यावरही असाच घोळ झाला. खानापूरला सुटण्यापूर्वी वाचावी, तर मच्छे आणि पिरनवाडीला चढणारे निम्मे लोक नसणार. चालत्या गाडीत वाचावी, तर त्याच वेळी मामांना तिकिटे द्यायची असतात. थांबा बदलला की यंत्रात टप्पा पुढे करायचा असतो, आणि त्याआधी चढलेल्या प्रत्येकाच्या हातात तिकीट गेलेले असले पाहिजे. 'शक्ती' योजना ११ जून २०२३ ला सुरू झाल्यापासून बायकांना साध्या गाडीत प्रवास मोफत आहे, पण तिकीट द्यावेच लागते, शून्य रुपयांचे, कारण त्या तिकिटांच्या हिशेबावर महामंडळाला सरकारकडून पैसे यायचे असतात. कवितेच्या गडबडीत एक जरी माणूस बिनतिकीट राहिला आणि तपासणी झाली, तर दोष कंडक्टरचा. तेव्हा बेळगावात गाडी फलाटाला लागल्यावर, इंजिन बंद झाल्यावर आणि ज्यांना घाई आहे ते उतरल्यावर वाचायचे ठरले. फार तर तीन मिनिटे. सहा कडवी त्यात बसतात. बावीस बसली नसती.

शुक्रवारी तसेच केले. गाडी थांबली. मामा नेहमीप्रमाणे दारात उभे राहिले आणि "उतरा, उतरा" म्हणू लागले. कोणी उतरेना. त्यांना वाटले काहीतरी भांडण झाले. मग लेथवाल्या मुलाने मागून सुरुवात केली. सहा जणांनी एकेक कडवे वाचले.

पहाटेची गाडी
धुक्यातून येई
पाटीआधी देई
शिट्टी खूण

दोन शिट्ट्यांआधी
पाहता वळून
येते का धावून
कोणी मागे

तिकिटाच्या मागे
बाकी लिहिलेली
हाक मारलेली
उतरता

शून्याचे तिकीट
तरी नाही उणा
आदर तो जुना
लेकींसाठी

तुमची कन्नड
आमची मराठी
पडल्या या गाठी
रोजच्याच

जातो म्हणू नका
म्हणा मामा येतो
जागा ही राखतो
खिडकीची

चौथे कडवे कारखान्यात जाणाऱ्या एका मुलीने वाचले. ते तिनेच सुचवले होते. मोफत झाल्यापासून काही ठिकाणी बायकांकडे बघण्याची तऱ्हा बदलली, "फुकटवाल्या पुढे सरका" असेही ऐकू येते. मामा शून्याचे तिकीटही पूर्वीसारखेच हातात देत, सीटवर टाकत नसत. ही गोष्ट आमच्या, म्हणजे पुरुषांच्या, लक्षात कधीच आली नव्हती. वही घेऊन विचारत फिरलो नसतो तर कवितेतही आली नसती.

शेवटच्या कडव्यातले 'जातो म्हणू नका' आपल्याकडे सगळ्यांना कळते. कन्नडमध्येही निघताना नुसते जातो म्हणत नाहीत, 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येतो म्हणतात. त्यामुळे ते मामांना समजावून सांगावे लागले नाही. आजींनी ते वाचले. म्हणजे पाठ म्हटले, कारण त्यांना वाचता येत नाही. शेवटच्या चरणावर त्या अडखळल्या आणि 'खिडकीची' म्हणण्याऐवजी स्वतःच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.

मामा काही बोलले नाहीत. यंत्रातून त्या फेरीचा हिशेब काढला, कागद फाडून पिशवीत ठेवला आणि "होगि बर्तीनि" म्हणून खाली उतरले. ड्रायव्हरसाहेबांनी उगाचच एकदा हॉर्न दिला. एवढाच समारंभ.

कवितेचा कागद आम्ही दोन लिप्यांत केला होता. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला तेच मराठी शब्द कन्नड अक्षरांत. ते बाईंनी लिहून दिले. मामांना मराठी बोलता येते, वाचायला जड जाते, आणि त्यांच्या नातवंडांना तर देवनागरी येतच नाही. जी कविता घरी कोणाला वाचता येत नाही ती कपाटात जाते. आमच्यातल्या एकाला हे खटकले. मराठी कन्नड लिपीत कशाला, असे तो म्हणाला. आम्ही म्हटले, शब्द मराठीच आहेत ना? बैलहोंगलकडच्या एखाद्या घरात एखादी नात जर 'पडल्या या गाठी' असे मोठ्याने वाचणार असेल, तर लिपीसाठी अडून बसण्यात आपला फायदा काय? तो अजून रुसलेला आहे. असो.

१ जूनला रविवार होता. मामांचा कागदोपत्री साठावा वाढदिवस. आम्ही चौघे जण पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. आता ते ड्यूटीवर नव्हते, वेबिल नव्हते. त्यांनी पाकीट घेतले, आढेवेढे घेतले नाहीत, ते आम्हाला आवडले. मावशींनी चहा केला. मामांनी कागद आणला, कन्नड बाजू वर करून मावशींना एकदा सगळा वाचून दाखवला. मग चष्मा काढून आमच्याकडे पाहिले.

"सर, सगळं बरोबर हाय. पण एक चुकलंय."

आमच्या पोटात गोळा आला. भाषेच्या कडव्याविषयीच काही असणार असे वाटले.

"पहाटेची गाडी कुठली? पहाटेची सहाची. आपली आठ पाचची. सहाच्या गाडीवर दुसरा कंडक्टर."

आम्ही तिथेच बसून बोटांवर मोजले. 'आठ पाचची गाडी' म्हटले तर अक्षर एक वाढते. 'सकाळची गाडी' बसते. मामांनी पेन आणले, खिशाला लावलेले तेच, आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना आमच्याकडून दुरुस्ती करून घेतली. कन्नड बाजूची त्यांनी स्वतः केली.